हॅन्डमेड साबणाचं डिस्क्रिप्शन कसं लिहायचं : घटक, क्युअरिंग, स्किन टाइप आणि शेल्फ लाइफ, तेही औषधी दावे न करता

साबण बनवायला शिकलेले लोक खूप आहेत पण वडी हातात आली की तिच्याबद्दल चार ओळी लिहिताना सगळ्यांची गाडी अडते. मग काय होतं, इकडून तिकडून वाचलेलं आठवतं आणि आपण लिहून टाकतो, "शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल फ्री, सर्व प्रकारच्या त्वचेसाठी, पिंपल्स आणि डाग घालवतो". मीपण सुरुवातीला असंच लिहायचे. त्यातला एकही शब्द माझ्या बॅचच्या वहीत नव्हता, सगळा ऐकीव माल होता.

आता माझा एकच नियम आहे, डिस्क्रिप्शनमधली प्रत्येक ओळ बॅचच्या वहीतून आली पाहिजे. वहीत नसेल तर लिहायची नाही. या लेखात मी एकच साबण घेते, कोल्ड प्रोसेसचा, ओट्स आणि लॅव्हेंडरवाला, आणि त्याचं डिस्क्रिप्शन पहिल्या नोंदीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कसं तयार होतं ते दाखवते. मेल्ट अँड पोअरवाल्यांना क्युअरिंगचा भाग लागू नाही, त्यांचा बेस आधीच तयार साबण असतो, पण घटक आणि दाव्यांचा भाग त्यांनीही वाचावा.

आधी वही

माझ्या या बॅचची नोंद अशी आहे. ऑलिव्ह ऑइल 650 ग्रॅम, खोबरेल तेल 300 ग्रॅम, एरंडेल तेल 50 ग्रॅम, म्हणजे एकूण तेल 1000 ग्रॅम. सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे आपला कॉस्टिक सोडा 141 ग्रॅम, पाणी 282 ग्रॅम. ट्रेस आल्यावर ओट्सची बारीक पूड 20 ग्रॅम आणि लॅव्हेंडर इसेन्शियल ऑइल 25 ग्रॅम. सुपरफॅट 5 टक्के. (हे आकडे बघून लगेच साबण करायला बसू नका, कॉस्टिकचं प्रमाण दर वेळी स्वतः लाय कॅल्क्युलेटरवर टाकून तपासायचं, एखादं तेल बदललं तरी आकडा बदलतो.)

याशिवाय वहीत चार गोष्टी हव्यातच : साबण ओतल्याची तारीख, वड्या कापल्याची तारीख आणि त्या दिवशीचं एका वडीचं वजन, प्रत्येक तेलाच्या बाटलीवरची एक्सपायरी, आणि बॅच नंबर. तेलाची एक्सपायरी बहुतेक जण लिहीत नाहीत आणि मग शेल्फ लाइफच्या वेळी अंदाजपंचे "2 वर्षं" ठोकून देतात. बाटली संपून टाकून दिली की ती तारीख परत मिळत नाही, म्हणून ओतायच्या आधीच लिहायची.

घटकांची यादी : जे भांड्यात घातलं ते सगळं

यादी लिहायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे भांड्यात काय काय घातलं ते लिहायचं. दुसरी म्हणजे साबण झाल्यावर त्या वडीत काय आहे ते लिहायचं. ऑलिव्ह ऑइल आणि कॉस्टिकची रिॲक्शन झाली की सोडियम ऑलिव्हेट तयार होतं, खोबरेलाचं सोडियम कोकोएट, एरंडेलाचं सोडियम कॅस्टोरेट, आणि सोबत ग्लिसरीन. बाजारातल्या साबणाच्या मागे ही अशी नावं तुम्ही वाचली असतील, ती म्हणजे तेलंच आहेत, रिॲक्शन झालेली.

दोन्ही पद्धती खऱ्या आहेत. चूक तेव्हा होते जेव्हा लोक दोन्हींची सोयीस्कर खिचडी करतात, म्हणजे तेलांची नावं भांड्यातली घ्यायची (कारण ती छान वाटतात) आणि कॉस्टिक गाळून टाकायचं (कारण "आता तो उरलेलाच नाही ना"). असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं तुम्ही तेलाची जादूने वडी केली. कॉस्टिकशिवाय साबण होत नाही, कुठलाच नाही. भांड्यातली यादी द्यायची तर कॉस्टिकसकट द्या आणि कंसात एक ओळ लिहा की तो तेलांशी रिॲक्ट होऊन साबणात बदलतो. मी ही ओळ घालायला लागल्यापासून "यात कॉस्टिक आहे का हो?" हे घाबरून विचारणारे मेसेज जवळजवळ थांबले, कारण ज्याला भीती असते त्याला उत्तर तिथेच मिळतं.

क्रम वजनाप्रमाणे, जास्त ते कमी. आपल्या बॅचमध्ये तो असा येतो : ऑलिव्ह ऑइल, खोबरेल तेल, पाणी, सोडियम हायड्रॉक्साइड, एरंडेल तेल, लॅव्हेंडर इसेन्शियल ऑइल, ओट्सची पूड. इथे एक मोह होतो तो म्हणजे ओट्स आणि लॅव्हेंडर सगळ्यात वर लिहायचा, कारण साबणाचं नाव त्यांच्यावरून आहे. पण ओट्स दीड हजार ग्रॅमच्या सगळ्या मिश्रणात फक्त 20 ग्रॅम आहेत. नावात ठेवा, फोटोत ठेवा, पण यादीत ते शेवटीच येणार. लेबलवर नावं कुठल्या स्वरूपात आणि कुठल्या भाषेत हवीत याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, विकायला सुरुवात करायच्या आधी तुमच्याकडचे वाचून घ्या. मी इथे लिहितेय ते डिस्क्रिप्शनबद्दल, पण लेबल आणि डिस्क्रिप्शनमधली यादी एकच असायला हवी हे उघड आहे.

वासाच्या तेलाबद्दल थोडं जास्त लिहायचं. लॅव्हेंडर तेलात लिनालूल नावाचा घटक नैसर्गिकरीत्याच असतो आणि तो काही लोकांच्या त्वचेला चालत नाही. ज्याला हे माहीत आहे तो माणूस यादीत नेमका तोच शब्द शोधतो. म्हणून "लॅव्हेंडर इसेन्शियल ऑइल (यात नैसर्गिकरीत्या लिनालूल असतं)" असं लिहायचं. तुमच्या तेलाच्या सप्लायरकडे असे कुठले घटक आहेत याचा कागद असतो, तो मागून घ्या. फ्रॅग्रन्स ऑइल वापरलं असेल तर "फ्रॅग्रन्स" असंच लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण त्याला "फुलांचा अर्क" म्हणू नका.

"केमिकल फ्री" आणि "लाय फ्री" हे दोन शब्द कायमचे काढून टाका. पहिला कुठल्याच वस्तूबद्दल खरा नसतो, पाणीसुद्धा केमिकलच आहे. दुसऱ्याच्या जागी लिहायचंच असेल तर "तयार वडीत मोकळं कॉस्टिक उरत नाही" असं लिहा, आणि तेही तुम्ही वजन नीट केलं असेल आणि वडी तपासली असेल तरच.

सुपरफॅटबद्दलची एक चूक अनुभवी लोकही करतात. 5 टक्के सुपरफॅट म्हणजे साधारण 5 टक्के तेलाला पुरेल इतकं कॉस्टिक आपण मुद्दाम कमी घातलं, तेवढं तेल साबण न होता वडीत तसंच राहतं. बरोबर. पण कोल्ड प्रोसेसमध्ये कुठलं तेल मोकळं राहणार हे आपण ठरवू शकत नाही, शेवटी घातलेलं तेलच उरेल असं नसतं, कॉस्टिक तेव्हा बराचसा शिल्लक असतो आणि त्याला जे सापडेल ते तो घेतो. म्हणून "सुपरफॅटला खास बदामाचं तेल" ही ओळ कोल्ड प्रोसेसच्या साबणाला लिहू नये. "थोडं जास्तीचं तेल ठेवलेलं आहे" एवढं पुरे. ग्लिसरीनचंही तसंच, 1000 ग्रॅम तेलाच्या या बॅचमध्ये साधारण 100 ग्रॅमच्या आसपास ग्लिसरीन आपोआप तयार होतं आणि वडीतच राहतं, तेव्हा "ग्लिसरीन घातलेला" नाही, "बनताना तयार झालेलं ग्लिसरीन वडीतच आहे" असं लिहायचं.

क्युअरिंग : तारीख आणि वजन, दोन्ही

बऱ्याच डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलेलं असतं "4 आठवडे क्युअर केल्यामुळे कॉस्टिक निघून जातो". हे चूक आहे. तेल आणि कॉस्टिकची रिॲक्शन बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसातच होऊन जाते. पुढचे आठवडे चालतं ते वेगळंच काम, वडीतलं जादाचं पाणी उडून जातं आणि साबणाची आतली रचना हळूहळू घट्ट होत जाते. त्यामुळे वडी कडक होते, फेस चांगला येतो, आणि पाणी लागलं की लगेच विरघळत नाही. हॉट प्रोसेसवाले म्हणतात आमचा साबण दुसऱ्या दिवशी वापरता येतो, येतो खरा, पण पाणी त्यातही असतं, त्यामुळे थांबलं तर तोही सुधारतोच.

किती थांबायचं हे तेलावर आहे. साधारण कोल्ड प्रोसेसला 4 ते 6 आठवडे धरतात. ऑलिव्ह जितकं जास्त तितका वेळ जास्त, निव्वळ ऑलिव्हच्या साबणाला बरेच जण 6 महिने ते वर्षभर ठेवतात, कारण ताजा असताना त्याचा फेस बुळबुळीत, तारेसारखा येतो. आमच्या बॅचमध्ये ऑलिव्ह 65 टक्के आहे म्हणून मी 6 आठवडे धरले, पण नुसतं कॅलेंडर बघून नाही.

प्रत्येक बॅचमधल्या एका वडीवर मी काडीने छोटी खूण करते आणि दर आठवड्याला तीच वडी वजनकाट्यावर ठेवते. या बॅचची वही सांगते : कापली तेव्हा 120 ग्रॅम, पहिल्या आठवड्याला 115, दुसऱ्याला 112, तिसऱ्याला 110, चौथ्याला 108.5, पाचव्याला 107.5, सहाव्याला 107, आणि सातव्याला परत 107. सुरुवातीला भराभर उतरतं मग मंदावतं आणि एका जागी थांबतं, तो थांबलेला आकडा म्हणजे वडी तयार. पावसाळी, दमट हवेत हे थांबणं उशिरा येतं, अशा वेळी 6 आठवडे होऊन गेले तरी वजन उतरतच असतं, आणि तेव्हा कॅलेंडर खोटं बोलतं, काटा नाही.

हे मी एवढं सांगतेय कारण यात मी एकदा पोळले आहे. अगदी सुरुवातीच्या एका बॅचचं वजन मी कापल्या दिवशीचंच डिस्क्रिप्शनमध्ये टाकलं, 120 ग्रॅम, आणि तीन आठवड्यांनीच विकायला काढलं. घेणाऱ्या ताईंनी घरी दोन महिन्यांनी न वापरलेली वडी काट्यावर ठेवली आणि मला फोटो पाठवला, 106 ग्रॅम. त्यांनी रागावून नाही विचारलं, नुसतं विचारलं, "हे 14 ग्रॅम कुठे गेले?" पाणी उडालं हे उत्तर खरं होतं पण त्यांनी पैसे 120 चे दिले होते. शिवाय त्यांची पहिली वडी बाथरूममध्ये आठवड्याभरात चिखल झाली होती, कारण ती कच्चीच होती. तेव्हापासून वजन लिहायचं ते थांबल्यानंतरचं, आणि बॅचमधल्या सगळ्यात हलक्या वडीचं. या बॅचमध्ये सगळ्यात हलकी 105 भरली, म्हणून डिस्क्रिप्शनमध्ये 105.

डिस्क्रिप्शनमध्ये लिहायचं काय? "6 आठवडे क्युअर केलेला, तयार झाल्याची तारीख अमुक". नुसतं "पूर्ण क्युअर केलेला" हे काहीच सांगत नाही. आणि प्री-ऑर्डर घेत असाल तर ओतल्याची तारीख आणि तयार होणारी तारीख दोन्ही लिहा म्हणजे लोक थांबायच्या तयारीने ऑर्डर देतात.

स्किन टाइप : त्वचेला काय होईल ते नाही, साबण कसा वागतो ते लिहा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. "कोरड्या त्वचेसाठी" लिहिलं की पुढचा शब्द आपोआप येतो, "कोरडेपणा बरा करतो". पहिलं चालेल, दुसरं नाही.

स्किन टाइपची ओळ रेसिपीतून काढायची. खोबरेल तेलाचा साबण तेलकटपणा जोरात काढतो आणि मोठे बुडबुडे देतो, पण प्रमाण वाढलं की अंग धुतल्यावर त्वचा ओढल्यासारखी वाटते. ऑलिव्हचा साबण सौम्य वाटतो, फेस कमी आणि मलईसारखा. एरंडेल थोडंच असतं पण फेस टिकवून धरतं. मग आपल्या बॅचमध्ये 30 टक्के खोबरेल, 65 टक्के ऑलिव्ह आणि 5 टक्के सुपरफॅट, म्हणजे हा मधला साबण आहे, नॉर्मल आणि थोड्या कोरड्या त्वचेच्या लोकांना बहुधा आवडेल. ज्यांची त्वचा खूप तेलकट आहे त्यांना कदाचित वाटेल की "स्वच्छ झाल्यासारखं" पुरेसं वाटत नाही. हेही लिहायचं! कोणाला आवडणार नाही हे लिहिलं तर "सर्व प्रकारच्या त्वचेसाठी" यापेक्षा वाचणाऱ्याला कितीतरी जास्त कळतं.

पण हा झाला कागदावरचा अंदाज. वडी तयार झाल्यावर मी ती स्वतः आठवडाभर वापरते आणि वेगवेगळ्या त्वचेच्या चार-पाच ओळखीच्या लोकांना देते. त्यांना एकच प्रश्न विचारते, "अंग पुसल्यावर दहा मिनिटांनी कसं वाटलं?" लगेच विचारलं तर सगळे "छान" म्हणतात. दहा मिनिटांनी ओढल्यासारखं वाटतंय का, क्रीम लावावंसं वाटतंय का, हे खरं कळतं. ओट्सबद्दलही तसंच कळलं, मला वाटलं होतं पूड एकदम बारीक आहे, पण दोघींनी सांगितलं की चेहऱ्यावर थोडी खरखर लागते. म्हणून डिस्क्रिप्शनमध्ये "ओट्सची हलकी खरखर जाणवते, मुख्यतः अंगासाठी" अशी ओळ आली.

"सेन्सिटिव्ह स्किनसाठी" ही ओळ मी या साबणाला लिहीत नाही. यात इसेन्शियल ऑइल आहे, आणि सेन्सिटिव्ह म्हणजे नक्की कशाला सेन्सिटिव्ह हे माणसागणिक वेगळं. बिनवासाचा साबण असेल तर "यात वासाचं तेल आणि रंग घातलेले नाहीत" हे तथ्य लिहा, निर्णय ज्याचा तो घेईल. सगळ्याच साबणांना ही ओळ मात्र असावी : पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा वापरून बघा, जळजळ किंवा खाज आली तर वापरू नका. लहान बाळांसाठी असंही मी लिहीत नाही, ते ठरवायला माझ्याकडे काहीच आधार नाही.

अजून एक शब्द, "पीएच बॅलन्स्ड". खऱ्या साबणाचा पीएच साधारण 9 ते 10 असतो, त्वचेचा साधारण 5 च्या आसपास. साबण अल्कलाइनच असतो, तसा नसला तर तो साबण राहत नाही. तेव्हा हा शब्द आपल्या वडीला लागूच होत नाही, ज्या बारना तो लागू होतो ते बहुतेक डिटर्जंटवर बनलेले असतात.

औषधी दावा ओळखायचा कसा

बऱ्याच देशांत वस्तू सौंदर्यप्रसाधन आहे की औषध हे आत काय आहे यापेक्षा तुम्ही ती कशासाठी आहे म्हणता यावरून ठरतं. म्हणजे तीच वडी, तेच तेल, पण "एक्झिमासाठी" लिहिलं की तुम्ही औषध विकताय, आणि औषधाला जे पुरावे आणि परवाने लागतात ते आपल्याकडे नाहीत.

मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. या ओळीत कुठल्या आजाराचं किंवा तक्रारीचं नाव आहे का? आणि साबण धुऊन टाकल्यावरही शरीरात काहीतरी बदलेल असं मी म्हणतेय का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर हो आलं की ओळ जाते. "पिंपल्स कमी करतो" जाते. "अँटीबॅक्टेरियल" जाते. "रक्ताभिसरण सुधारतो", "टॅन आणि डाग घालवतो", "त्वचेला व्हिटॅमिन ई देतो", "लॅव्हेंडरमुळे शांत झोप लागते", सगळ्या जातात. "मळ आणि तेलकटपणा धुऊन काढतो", "फेस मऊ आहे", "धुतल्यावर त्वचा मऊ वाटते", "लॅव्हेंडरचा हलका वास येतो" या राहतात, कारण या साबणाबद्दल आणि वाटण्याबद्दल आहेत.

लोक मेन डिस्क्रिप्शन स्वच्छ करतात आणि दावा मागच्या दाराने आत येतो. साबणाचं नावच "ॲक्ने बार" असतं. किंवा हॅशटॅग. किंवा फोटोत आधीचा आणि नंतरचा चेहरा. किंवा घटकाच्या माहितीत, "ओट्स हे एक्झिमावर वापरले जातात असं म्हणतात", म्हणजे दावा साबणावर नाही ओट्सवर केला, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात तो वडीवरच जाऊन बसतो. आणि सगळ्यात नकळत होणारं म्हणजे रिव्ह्यू. एकीने मला मनापासून लिहिलं होतं की तुमच्या साबणाने माझ्या हाताचं खाजणं थांबलं. मला फार बरं वाटलं, पण मी तो मेसेज कुठेही टाकला नाही, कारण मी तो निवडून पुढे ठेवला की ते वाक्य माझं होतं. तिला मात्र सांगितलं की परत खाज आली तर डॉक्टरांना दाखव.

शेल्फ लाइफ

साबण सहसा "कुजत" नाही, खवट होतो. वडीत मोकळं राहिलेलं तेल हवेतल्या ऑक्सिजनने खराब होतं, नारिंगी-तपकिरी ठिपके उमटतात आणि जुन्या तळणीच्या तेलासारखा वास येतो. सूर्यफूल, द्राक्षबी अशी पटकन खवट होणारी तेलं जास्त घातली, सुपरफॅट जास्त ठेवलं, वड्या लोखंडी जाळीवर सुकवल्या किंवा मुळात तेलच जुनं होतं, तर हे लवकर होतं. खोबरेल आणि ऑलिव्हचा साबण त्या मानाने टिकाऊ.

माझी पद्धत साधी आणि थोडी कंजूष आहे. तयार झाल्याच्या तारखेपासून 12 महिने, किंवा बॅचमधल्या सगळ्यात आधी संपणाऱ्या तेलाची एक्सपायरी, यातलं जे आधी येईल ते. साबण झाल्यावर तेलाची बाटलीवरची तारीख तशीच्या तशी लागू होते असं नाही, पण लिहायला तो एक सुरक्षित आधार आहे. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात जवळची एक्सपायरी ऑलिव्हची होती, तयार तारखेपासून 14 महिने लांब, म्हणून 12 महिने लिहिले.

सोबत प्रत्येक बॅचची एक वडी मी बाजूला ठेवते, जशी विकते तशाच कागदात गुंडाळून, आणि महिन्यातून एकदा उघडून बघते. 12 महिन्यांनंतरही ती चांगली राहिली तर पुढच्या बॅचला 18 लिहायचा विचार करता येतो. एकदा अशीच ठेवलेली वडी सातव्या महिन्यात उघडली तर कडेला नाण्याएवढा नारिंगी डाग, ती सूर्यफूल जास्त असलेली रेसिपी होती. मी ती बॅच थांबवली, ज्यांनी घेतली होती त्यांना कळवलं, आणि ती रेसिपीच बदलली.

वास मात्र साबणाच्या आधी जातो, आणि लिंबूवर्गीय तेलांचा तर फार लवकर. म्हणून "वास काही महिन्यांनी हलका होतो" हे लिहायचं, नाहीतर लोक साबण खराब झाला समजतात. दमट हवेत वडीवर पाण्याचे थेंब दिसतात, ते ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं म्हणून, पुसलं की झालं. वर पांढरी पावडर दिसली तर तो बहुतेक वेळा सोडा ॲश असतो, धुतला की जातो. पण पांढरा भाग वडीच्या आत, खड्यासारखा किंवा ओल्या पॉकेटसारखा दिसला तर ते न मिसळलेलं कॉस्टिक असू शकतं, अशी वडी डिस्क्रिप्शन लिहायच्या लायकीचीच नाही, विकायची नाही.

दूध, फळांचा गर असं काही घातलं असेल तर तारीख अजून आखूड ठेवा. आणि वापरायला काढल्यावरचं टिकणं वेगळं, ते डिशवर अवलंबून आहे. पाणी साचणाऱ्या डिशमध्ये कुठलाही हॅन्डमेड साबण लवकर संपतो, म्हणून खाली भोकं असलेली डिश वापरा हे लिहायचंच.

आता सगळं जोडून

वहीतून निघालेलं या बॅचचं डिस्क्रिप्शन असं झालं :

"ओट्स लॅव्हेंडर साबण. कोल्ड प्रोसेसने हाताने बनवलेला. वजन 105 ग्रॅम (क्युअरिंगनंतरचं, पुढे किंचित कमी होऊ शकतं).

घटक : ऑलिव्ह ऑइल, खोबरेल तेल, पाणी, सोडियम हायड्रॉक्साइड (तेलांशी रिॲक्ट होऊन साबणात बदलतं), एरंडेल तेल, लॅव्हेंडर इसेन्शियल ऑइल (यात नैसर्गिकरीत्या लिनालूल असतं), ओट्सची पूड. वेगळा रंग घातलेला नाही. बनताना तयार झालेलं ग्लिसरीन वडीतच आहे.

6 आठवडे क्युअर केलेला. बॅच नंबर आणि तयार झाल्याची तारीख वेष्टनावर आहे.

फेस मऊ, मलईसारखा, बुडबुडे मध्यम. धुतल्यावर त्वचा मऊ वाटते. नॉर्मल आणि थोड्या कोरड्या त्वचेच्या लोकांना आवडतो, खूप तेलकट त्वचा असेल तर कदाचित सौम्य वाटेल. ओट्सची हलकी खरखर जाणवते, मुख्यतः अंगासाठी. वासाचं तेल आहे, त्यामुळे आधी कोपराच्या आत थोडा वापरून बघा, त्रास झाला तर वापरू नका. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

तयार तारखेपासून 12 महिन्यांत वापरा. कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा, वापरताना पाणी निथळणाऱ्या डिशमध्ये. वास काही महिन्यांनी हलका होतो, तो साबण खराब झाल्यामुळे नाही. नारिंगी ठिपके किंवा खवट वास आला तर वापरू नका आणि बॅच नंबरसह मला कळवा."

पुढची बॅच केली की हेच कॉपी करून टाकायचं नाही. त्या वेळी ऑलिव्ह वेगळ्या बाटलीचं असतं, वजन वेगळ्या आकड्यावर थांबतं, कधी हवा दमट असल्यामुळे 6 चे 8 आठवडे होतात. मी वजन, तयार तारीख आणि "पर्यंत वापरा" या तीन जागा आधी रिकाम्या करून ठेवते आणि काट्यावरचा आकडा सलग दोन आठवडे तोच आला की मगच भरते.